एक टिचकी आणि परत येणारी नावं : बेळगावातल्या एका भरती-वार्तापत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव शहरात स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवणारी एक संस्था आहे, निपाणीला तिची छोटी शाखा आहे. इथे नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मुलं खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडून येतात, तशीच चंदगड आणि गडहिंग्लजहूनही येतात. सीमाभागातल्या मुलाला दोन्ही राज्यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवावा लागतो. महाराष्ट्राच्या जाहिरातीत ८६५ गावांतल्या उमेदवारांसाठीचा उल्लेख शोधायचा आणि कर्नाटकाच्या जाहिरातीत कन्नडची अट बघायची. हे काम सोपं व्हावं म्हणून संस्थेने रोज पहाटे ईमेल पाठवायला सुरुवात केली. मराठी पत्रात महाराष्ट्रातली भरती, कन्नड पत्रात कर्नाटकातली, आणि तिसरी यादी वर्गाच्या सूचनांची.

भाड्याच्या एका सर्व्हरवर मेल पाठवणारं पोस्टफिक्स होतं आणि त्याच्या पुढे एका स्थानिक डेव्हलपरने लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं ॲप्लिकेशन. दिवसाला अंदाजे ११,००० मेल जायचे, त्यातले ९,००० च्या आसपास जीमेलला. जीमेलच्या व्यक्तिगत खात्यांना एका दिवसात ५,००० च्या घरात मेल पाठवणारा ‘बल्क सेंडर’ ठरतो, आणि एकदा ठरला की ती ओळख कायम राहते. पुढे मेल कमी केले तरी सुटका नाही.

अशा पाठवणाऱ्यांसाठीचे नियम जीमेल आणि याहूने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू करायला घेतले. एका टिचकीत नाव काढण्याच्या सोयीसाठी जीमेलने १ जून २०२४ पर्यंत मुदत दिली होती. संस्थेच्या डेव्हलपरने मुदतीच्या आत मेलमध्ये त्यासाठीचे `List-Unsubscribe` आणि `List-Unsubscribe-Post` हे हेडर घातले. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसू लागलं, आणि सगळ्यांनी काम झालं असं धरलं.

अडचण

पावसाळ्यात पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये जीमेलकडून `421-4.7.28` दिसू लागलं. तुमच्या पत्त्यावरून नको असलेले मेल नेहमीपेक्षा जास्त येताहेत, सबब तूर्त थांबा, असा त्याचा अर्थ. पहाटे पाचला निघालेलं पत्र मुलांना दुपारी मिळायला लागलं. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये स्पॅमचा दर ०.३ टक्क्यांच्या वर गेलेला होता. जीमेलचं सांगणं असं की दर ०.१ च्या खाली ठेवा आणि ०.३ ला कधी पोचू देऊ नका. ९,००० मेल इनबॉक्समध्ये पोचत असतील तर ०.१ टक्का म्हणजे ९ तक्रारी आणि ०.३ म्हणजे २७. एवढ्या मेलमागे रोज २७ जणांनी ‘स्पॅम’ दाबणं ही काही मोठी गोष्ट वाटत नाही, पण संस्था अडकली ती तेवढ्यावरच.

या दराची एक खोच आहे. स्पॅम फोल्डरमध्ये पडलेल्या मेलवर कोणी तक्रार करत नाही. त्यामुळे मेल इनबॉक्सऐवजी स्पॅममध्ये जायला लागले की दर आपोआप उतरतो. संस्था चालवणाऱ्या सरांनी मला फोन केला त्या आठवड्यात तो थोडा उतरला होता आणि ते जरा निवांत होते. मला त्या उताराचीच काळजी वाटली.

तपास

डेव्हलपरचं म्हणणं होतं, “दादा, लिंक चालते की. मी स्वतः दाबून बघितलंय.” ते खोटं नव्हतं. तो ब्राउझरमध्ये लिंक उघडत होता, म्हणजे `GET` विनंती जात होती, आणि त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी होती. जीमेल किंवा याहू तसं करत नाहीत. जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०५८ या इंटरनेट मानकाप्रमाणे वाचकाने बटण दाबलं की मेलसेवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट `POST` पाठवतो. त्यात कुकी नसते, लॉगिन नसतं. मजकूर तेवढा एकच असतो.

```
curl -i -X POST -d 'List-Unsubscribe=One-Click' \
  'https://example.in/u/TOKEN'
```

ही एक ओळ चालवली तेव्हा उत्तर आलं `301`. हेडरमधली लिंक `www` शिवायची होती आणि वेबसर्व्हर सगळ्यांना `www` कडे ढकलत होता. ब्राउझरला त्याचं काही वाटत नाही. पण आरएफसी स्पष्ट सांगते की या पत्त्याने दुसरीकडे वळवायचं नाही, आणि त्यामागे कारण आहे. वळवलेली `POST` विनंती पुष्कळदा वाटेत `GET` होते आणि तिच्यातला मजकूर गळून पडतो. जुन्या लॉगमध्ये असे `POST … 301` रांगेने पडलेले होते. प्रत्येक ओळीमागे एक मुलगा होता, ज्याने नाव काढायला सांगितलं, जीमेलकडून ‘काढलं’ असं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पत्र पाहिलं. त्याने पुढे ‘स्पॅम’ दाबलं तर दोष कुणाला द्यायचा?

वळण काढलं आणि पुन्हा चाचणी घेतली, तर `419`. लारावेल फॉर्मच्या प्रत्येक `POST` सोबत, विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण म्हणून, सीएसआरएफ टोकन मागतं. जीमेलचा सर्व्हर ते कुठून आणणार? पहिल्या दोषाआड दुसरा लपला होता.

तिसरा दोष डीकेआयएमच्या, म्हणजे मेल आपल्याच डोमेनचा असल्याचं पटवणाऱ्या, सहीत होता. `List-Unsubscribe` आणि `List-Unsubscribe-Post` हे दोन्ही हेडर सहीत आले पाहिजेत, असं आरएफसी ८०५८ म्हणते. ही सही करणारं ओपनडीकेआयएम मात्र मुळात आरएफसी ६३७६ ने सुचवलेल्या हेडरवर सही करतं. ती यादी २०११ ची असल्याने तिच्यात `List-Unsubscribe` आहे, पण २०१७ मध्ये आलेलं `List-Unsubscribe-Post` नाही. आलेल्या मेलचा मूळ मजकूर उघडून `DKIM-Signature` मधला `h=` भाग वाचला की हे लगेच कळतं. सेटिंगमध्ये एक ओळ घालून ते मिटलं.

```
SignHeaders *,+list-unsubscribe-post
```

आता नावं खरोखर निघायला लागली. तरीही महिन्याच्या सुरुवातीला तक्रारी पुन्हा वाढल्या. त्याचा उलगडा निपाणीच्या शाखेत यादी सांभाळणाऱ्या मावशींनी केला. “सर, ते नाव काढतात खरं, पण एक तारखेला मी एक्सेल चढवते तेव्हा सगळी परत यायलेत की.” नाव काढणं म्हणजे सदस्यांच्या तक्त्यातली ओळ पुसणं, असं ॲप्लिकेशनमध्ये होतं. प्रवेशाची एक्सेल दर महिन्याला चढायची आणि पुसलेली ओळ नव्याने लिहिली जायची. हेडर, सही, सर्व्हर सगळं चोख असतं तरी हे झालंच असतं. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथेच होतं. बाकीचे दोष त्याच्या आधी भेटले इतकंच.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता घाऊक मेल पाठवणाऱ्या एखाद्या सेवेकडे सगळं सोपवण्याचा. अशा सेवा हेडर स्वतः घालतात, `POST` स्वतः घेतात, तक्रारी वाचतात आणि काढलेल्या पत्त्यांची यादी आपल्याकडे धरून ठेवतात, त्यामुळे एक्सेलचा प्रश्नही बहुतांशी सुटला असता. सरांना दोन गोष्टी खटकल्या : दर महिन्याचा खर्च, आणि मुलांचे पत्ते बाहेर देणं. दुसऱ्या आक्षेपाशी मी सहमत होतो. खर्चाचं म्हणाल तर स्वतःचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ फुकट धरला की तो नेहमीच स्वस्त दिसतो.

ईमेल बंद करून सगळं व्हॉट्सॲपवर न्यायची सूचनाही आली. पण जाहिरातींच्या पीडीएफ आणि मुदतीच्या तारखा मुलं महिन्यांनंतर शोधतात आणि ते ईमेलमध्येच जमतं, म्हणून ती मागे पडली. आहे तेच दुरुस्त करायचं ठरलं.

खरा वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. मुलाने कन्नड पत्रावर ‘अनसबस्क्राइब’ दाबलं तर त्याला फक्त कन्नड यादीतून काढायचं की सगळ्यांतून? प्रवेशाच्या फॉर्मवर ‘ईमेल सूचना हव्यात’ अशी एकच चौकट होती आणि तिच्यावर खूण केलेला प्रत्येक जण दोन्ही पत्रांत जायचा. खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलाला रोज कन्नड पत्र, आणि कन्नड माध्यमाच्या मुलाला मराठी. सरांचं म्हणणं, सगळ्यांतून काढलं तर मुलाची महाराष्ट्राची जाहिरात हुकेल. डेव्हलपरचं म्हणणं, एकाच यादीतून काढलं तर दुसरं पत्र उद्या जाईलच आणि त्याला वाटेल की आपलं ऐकलं नाही.

शेवटी दोन घटना वेगळ्या धरल्या. एका टिचकीने नाव काढलं की फक्त त्या यादीतून. ‘स्पॅम’ अशी तक्रार आली की सगळ्या पत्रांतून. नाव काढणारा एका पत्राबद्दल बोलतो, तक्रार करणारा पाठवणाऱ्याबद्दल. एक अट मात्र घातली : प्रत्येक पत्राचं प्रेषकनाम वेगळं आणि ठळक हवं, म्हणजे आपण काय बंद केलं हे वाचकाला दिसेल. फीची पावती आणि परीक्षेच्या वेळापत्रकासारखे कामाचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून जातात, त्यांना हा नियम लागू केला नाही.

काय केलं

हेडर असे झाले :

```
List-Unsubscribe: <https://www.example.in/u/TOKEN>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
Feedback-ID: kannada:bharti:daily:sansthaid
```

टोकनमध्ये सदस्याचा क्रमांक आणि यादीचा क्रमांक असतो आणि त्यावर गुप्त किल्लीने केलेली एचमॅक सही. त्यामुळे लिंकमध्ये ईमेल पत्ता उघडा पडत नाही आणि कोणी आकडा बदलून दुसऱ्याचं नाव काढू शकत नाही. सीएसआरएफची तपासणी या एका मार्गापुरती काढली. तिथे ती लागतच नाही, कारण हा मार्ग कुकीवर विश्वास ठेवत नाही, अधिकार टोकनच्या सहीतून येतो. टोकनला मुदत घातली नाही. मुलं सहा महिन्यांपूर्वीचा मेल उघडून नाव काढतात, तेव्हा ‘लिंकची मुदत संपली’ हे उत्तर म्हणजे तक्रारीला आमंत्रण. किल्ली कधी बदललीच तर जुनीही तपासणीसाठी ठेवायची, असं लिहून ठेवलं.

`POST` आल्यावर क्रम असा. टोकनची सही जुळते का बघायचं, नकोशा पत्त्यांच्या स्वतंत्र तक्त्यात नोंद करायची, नोंद पक्की झाली की मगच `200` द्यायचं. नोंद आधीच असेल तरी `200`, कारण एकच विनंती दोनदा येऊ शकते. डेटाबेस बंद असेल तर `500`. काम न होता वाचकाला ‘झालं’ असं कळल्यानेच हा गोंधळ झाला होता.

त्याच पत्त्यावर `GET` आली तर काहीही काढायचं नाही, फक्त बटण असलेलं साधं पान दाखवायचं. कॉलेज आणि कंपन्यांच्या मेलसर्व्हरसमोर बसलेली सुरक्षा यंत्रणा मेलमधली प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघते. `GET` वर नाव काढलं असतं, तर कॉलेजच्या पत्त्यावर पत्र घेणारी मुलं पत्र न उघडताच यादीतून गेली असती. एका टिचकीसाठी `POST` निवडली गेली ती याचमुळे.

नकोशा पत्त्यांचा तक्ता सदस्यांच्या तक्त्यापासून पूर्ण तोडला. एक्सेल कितीही वेळा चढो, तिचा त्याला स्पर्श होत नाही. त्याची तपासणी यादी बनवताना न ठेवता प्रत्येक मेल पोस्टफिक्सकडे देण्याच्या क्षणी ठेवली. रात्री यादी बनते आणि पहाटे मेल जातात, मधल्या वेळात नाव काढणारेही असतात. जीमेल आणि याहू दोन दिवसांची सवलत देतात, पण तपासणी शेवटच्या पायरीवर असेल तर ती वापरावीच लागत नाही. पत्ता जुळवताना सगळी अक्षरं लहान करायची आणि कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या, हे एक्सेलने शिकवलं. फॉर्मवर एकाने `Ramesh@Gmail.com` लिहिलेलं आणि पुढे एक स्पेस, असले नमुने भरपूर होते. फक्त जीमेलच्या पत्त्यांत नावातले ठिपकेही काढले, कारण जीमेल ते मोजत नाही.

तक्रारींची नोंदणी

फीडबॅक लूप म्हणजे वाचकाने ‘स्पॅम’ दाबलं की त्याच्या मेलसेवेने पाठवणाऱ्याला तसं कळवण्याची व्यवस्था. याहूची व्यवस्था डीकेआयएमच्या डोमेनवर चालते. त्यांच्या सेंडर हबमध्ये डोमेन आपलं असल्याचं सिद्ध करून अहवालांसाठी पत्ता द्यायचा. नोंदवलेलं डोमेन आणि सहीतलं `d=` एकच हवं. मायक्रोसॉफ्टची जेएमआरपी ही तशीच व्यवस्था आयपी पत्त्यावर चालते. भाड्याच्या सर्व्हरचा आयपी कागदोपत्री होस्टिंग कंपनीचा असतो, त्यामुळे तिथे परवानगीचा मेल कंपनीकडे जातो आणि तिच्यामागे लागावं लागतं.

याहूची नोंदणी झाली, पण अहवाल येईनात. लॉग बघितला तर ते दारातूनच परत जात होते. अहवाल एआरएफ नावाच्या ठरलेल्या स्वरूपात येतो आणि त्याला तीन भाग असतात : माणसाला वाचायचा मजकूर, यंत्राला वाचायचा `message/feedback-report`, आणि तक्रार झालेला मूळ मेल किंवा त्याचे हेडर. स्पॅम म्हणून तक्रार झालेला मेल पोटात घेऊन आलेल्या पत्राला संस्थेचाच स्पॅम फिल्टर अडवत होता. तो पत्ता मजकूर-तपासणीतून वगळला आणि त्यावरचं स्वयंचलित उत्तरही बंद केलं.

अहवाल वाचताना तक्रारदाराचा पत्ता शोधत बसायचं नाही, तो झाकलेला असू शकतो. तिसऱ्या भागात आपलंच `List-Unsubscribe` हेडर असतं, त्यातलं टोकन काढायचं, सही तपासायची आणि त्या सदस्याला सगळ्या पत्रांतून काढायचं. सहीमुळे एक संरक्षणही मिळतं : अहवालाचा पत्ता बाहेर कळला आणि कोणी बनावट तक्रारी पाठवल्या, तर टोकन बनवता न आल्याने त्या निष्फळ ठरतात. तक्रारदाराला ‘तुमचं नाव काढलं आहे’ असा मेल पाठवायचा सरांचा विचार होता, सौजन्य म्हणून. तो मी होऊ दिला नाही. ज्याने नको म्हटलं त्याला आणखी एक मेल कशाला?

जीमेल असे एकेका माणसाचे अहवाल देतच नाही. त्यांच्याकडे `Feedback-ID` आहे. त्यातल्या नावांप्रमाणे पोस्टमास्टर टूल्समध्ये एकत्रित दर दिसतो, तोही पुरेसे मेल असतील तेव्हाच. कोणी तक्रार केली ते कळत नाही, कोणत्या पत्रावर झाली ते कळतं. संस्थेचे बहुतेक वाचक जीमेलवर असल्याने याहूच्या अहवालांनी फार थोडी नावं निघाली. खरी माहिती `Feedback-ID` ने दिली, आणि ती अशी की बहुतेक तक्रारी कन्नड पत्रावर होत्या. कन्नड पत्रात काही खोट नव्हती. ते मराठी वाचणाऱ्यांना न विचारता जात होतं.

निकाल

पहिल्या आठवड्यात नाव काढणाऱ्यांचा आकडा एकदम वर गेला आणि सर हादरले. आधी ही मुलं `301` आणि `419` मध्ये हरवत होती, आता मोजली जात होती. यादी आटली, बहुतांश कन्नड पत्राची. त्यानंतर काही आठवड्यांत स्पॅमचा दर ०.१ च्या खाली आला आणि `421` थांबलं. एक तारखेची एक्सेल चढली तरी आलेख हलला नाही, तेव्हा दुरुस्ती लागू पडल्याची माझी खात्री झाली. मायक्रोसॉफ्टची नोंदणी होस्टिंग कंपनीच्या उत्तराअभावी अडकून राहिली. आउटलुकचे वाचक थोडे असल्याने ती सोडून दिली.

काय वेगळं करता आलं असतं

`Feedback-ID` सगळ्यात आधी घालायला हवं होतं. ते घालायला कोडची एक ओळ लागते आणि कोणतं पत्र दुखतंय ते सांगतं. कन्नड पत्राची गोष्ट पहिल्या पंधरवड्यात कळली असती, तर तेवढे दिवस ते फक्त कन्नड माध्यमाच्या मुलांना पाठवून संस्था श्वास घेऊ शकली असती आणि दुरुस्ती सावकाश झाली असती.

यादी आणि तक्रार यांचा निर्णय मी आजही तसाच घेईन, पण `GET` च्या पानावर ‘फक्त हे पत्र’ आणि ‘सगळी पत्रं’ अशी दोन बटणं पहिल्या दिवसापासून ठेवीन. ती नंतर आली. एका टिचकीत निवडीला जागा नसते, पण पानावर असते आणि मेलच्या तळाची लिंक वापरणारेही बरेच असतात.

प्रवेशाचा फॉर्म आता बदलला आहे. मराठी पत्र आणि कन्नड पत्र यांच्या चौकटी वेगळ्या आहेत आणि दोन्ही रिकाम्या छापतात. परत यायचं असेल तर मुलाने स्वतः संकेतस्थळावर खूण करायची, तेव्हाच नकोशा तक्त्यातली त्या यादीची नोंद उठते. मावशींना तो अधिकार मुद्दाम दिलेला नाही, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. पालक फोन करून ‘आमच्या पोराला पत्र येत नाही’ म्हणाले, की त्या त्यांना संकेतस्थळाचा पत्ता सांगतात.